बारावा अर्ज

गोदा-मांजरा शिक्षण मंडळाच्या नऊ शाळा आहेत. पाच लातूर जिल्ह्यात, चार नांदेड जिल्ह्यात. परवापरवापर्यंत या शाळांत शिक्षक चांगला की वाईट हे ठरवायची एक सोपी रीत होती. मंडळाचे सचिव माणिकप्पा हुडगे यांना तो चांगला वाटला की तो चांगला. मग अप्पा हैदराबादला कसल्याशा परिषदेला गेले, जेवणानंतरच्या भाषणात त्यांना नेमकी झोप लागली नाही, आणि रीत बदलली.

नवी रीत वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्याचं खापर तिच्यावरच फुटलं. तिचं नाव ग्रोथ पर्सेंटाइल. जूनमध्ये नऊही शाळांतल्या नववीच्या सातशे पोरांची गणिताची चाचणी घ्यायची. ज्यांना जवळपास सारखे गुण पडले त्यांचा, मग ते देगलूरचे असोत की निलंग्याचे, एक गट धरायचा. मार्चमध्ये पुन्हा चाचणी. आणि पोरगं किती पुढं गेलं हे बघताना त्याची गाठ फक्त त्याच्या गटातल्या पोरांशी घालायची. जूनला पस्तीस-चाळीसच्या आसपास असलेल्या शंभरातल्या नव्वदांना मागं टाकलं, तर पर्सेंटाइल नव्वद. मग शेवटचे गुण पंचावन्नच का असेनात. उलट ब्याण्णववाला चौऱ्याण्णववर आला, पण त्याच्या जोडीचे बहुतेक सत्त्याण्णववर गेले, तर त्याचा पर्सेंटाइल वीस. वर्गातल्या सगळ्या पोरांचे पर्सेंटाइल चढत्या क्रमानं ओळीत लावायचे. जो बरोबर मध्ये येईल, तो आकडा त्या शिक्षकाचा.

हे सगळं करायला लातूरच्या मुख्य कार्यालयात मंजुश्री मठपती नावाची मुलगी नेमली होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी., मूळची उदगीरची. पहिल्याच बैठकीत अप्पांनी तिला हुकूम सोडला, "ज्याचा आकडा पन्नासच्या खाली, त्याचा करार पुढं चालू करायचा न्हाई. आपल्याला सगळे पन्नासच्या वर पाहिजेत."

"अप्पा, ही तुलना आपल्या आपल्यातच आहे," मंजुश्री म्हणाली. "निम्मी पोरं पन्नासच्या खाली राहणारच. सगळी शाळा हुशार झाली तरी राहणार."

अप्पांनी थोडा विचार केला. "बरं, चाळीस करा मग. आपण काय कसाई न्हाईत."

अशा रीतीनं चाळीस हा आकडा शास्त्रीय पायावर ठरला.

मंडळाच्या अहमदपूरच्या शाळेत नववीला तेवीस मुलं-मुली होती आणि त्यांना गणित शिकवायला लुंबिनी सोनकांबळे. किनवटकडच्या इस्लापूरची. घराण्यात पहिली एम.एस्सी. बी.एड. सहा वर्षं शिकवत होती, आणि सहाही वर्षं कंत्राटी. दर एप्रिलला करार संपायचा, दर जूनला नवा व्हायचा. मधल्या मे महिन्यात ती शिक्षिका नसायची, फक्त लुंबिनी असायची. नवी रीत ऐकून नऊ शाळांत ज्या एकीला आनंद झाला ती हीच. तिच्या वर्गात हुशार पोरं थोडी आणि मेहनती पोरं जास्त होती. आजवर त्याचा हिशेब कुणी धरलाच नव्हता.

शाळेचे मुख्याध्यापक शेषेराव बिरादार. सरांचा दोनच गोष्टींवर विश्वास होता, वरून आलेल्या पत्रावर आणि व्हरांड्यातल्या फलकावर. जुलैत मंजुश्रीकडून गटांची यादी आली. ती हिशेबापुरती होती, कुणाला दाखवायची नव्हती. पण यादी आली आणि फलकावर लागली नाही असं त्यांच्या बावीस वर्षांच्या सेवेत झालं नव्हतं. मंजुश्रीनं गटांना नावं दिली नव्हती, नुसते पाच-पाच गुणांचे टप्पे होते. बिरादार सरांना ते ओकंबोकं वाटलं. त्यांनी शहाण्णव ते शंभर म्हणजे 'क', एक्क्याण्णव ते पंच्याण्णव म्हणजे 'ख', अशी ओळीनं अक्षरं टाकली. 'ङ', 'ञ', 'ण' म्हणायला अवघड म्हणून सोडले, आणि 'ढ' तेवढा विवेकानं गाळला. शेवटी काच पुसून यादी संस्थापकांच्या फोटोशेजारी लावली.

चार दिवसांत तालुक्यात बातमी झाली की शाळेनं नव्या तुकड्या पाडल्या.

आपल्याकडं तुकडी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पोरगं काय शिकतं हे दहावीपर्यंत कुणी विचारत नाही, पण ते कुठल्या तुकडीत आहे हे लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. आणि तुकडी बदलून घेता येते, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला पत्र लागतं.

पहिलं पत्र घेऊन आले दयानंद केंद्रे. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत होती, आणि मुलगी शिवांगी नववीत. जूनला तिला छत्तीस पडले होते, म्हणून यादीत ती 'थ' गटात होती.

"सर, माझी पोरगी 'थ'मध्ये?" केंद्रे खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले. "पाव्हणे इचारून राहिले मला. आमचा हमाल, त्याचं पोरगंबी 'थ'मध्येच. मी मोंढ्यात तोंड कसं दाखवू?"

बिरादार सरांनी लुंबिनीला बोलावून घेतलं.

"केंद्रेसाहेब, ही तुकडी नाही," ती म्हणाली. "सगळे बसतात एकाच वर्गात. हे फक्त तुलनेपुरतं आहे. शिवांगीनं जिथून सुरुवात केली, तिथूनच सुरुवात केलेल्यांशी तिला तोलायचं. त्यात तिचाच फायदा."

"न्हाई पटत."

"तुम्ही कुस्त्या भरवता ना जत्रेत?"

"हाव. दरसाल."

"चाळीस किलोचा पैलवान कुणासंगं लावता?"

"चाळीसच्याच. दुसऱ्या कुणासंगं लावणार?" केंद्रे हसले. "सत्तरवाल्याखाली घातला तर मरंल की ते लेकरू."

"मग हे तेच आहे."

केंद्र्यांनी मान डोलावली. त्यांना समजलं होतं, अगदी स्वच्छ समजलं होतं. म्हणूनच पुढचं वाक्य ऐकण्यासारखं होतं.

"पर मॅडम, कुस्ती खरी असती. हे तर कागदावरच हाय. कागदावर सत्तर किलो लिवायला काय जातंय?"

एवढं बोलून त्यांनी जिल्हा परिषदेच्या एका सदस्याचं पत्र टेबलावर ठेवलं. 'कु. शिवांगी हिस थ गटातून ग गटात सामावून घेण्याची कृपा व्हावी.'

'ग' म्हणजे शहाऐंशी ते नव्वद. तिथं जायचं तर जूनचे गुण छत्तीसचे अठ्ठ्याऐंशी करावे लागणार. आणि त्याची सोय होती. संगणकात फेरतपासणीचा एक रकाना एकतीस ऑगस्टपर्यंत उघडा होता, त्यात विषयशिक्षकाच्या सहीनं गुण दुरुस्त करता येत.

"एकानं काय होतंय मॅडम?" केंद्रे गेल्यावर बिरादार सर म्हणाले. "पत्र आलंय. पत्राला न्हाई म्हणायचं म्हंजे माणसाला न्हाई म्हणायचं."

लुंबिनीनं मनात हिशेब केला. तिचा आकडा म्हणजे तेविसांच्या ओळीतला मधला, म्हणजे बारावा. एक पोर ओळीच्या तळाला गेलं तर मधला हलून हलून किती हलणार? गणित बरोबर होतं. तिनं सही केली. शिवांगीचं काय होईल हा हिशेब तिनं त्या दिवशी केला नाही, ही गोष्ट नंतर तिला बरीच आठवली.

केंद्र्यांची मुलगी 'थ'मधून 'ग'मध्ये गेली, हे व्हायला एक दिवस लागला. बाकीच्यांनी पत्रं आणायला आठवडा. गुरुपादप्पा किराणावाल्यांनी बाजार समितीच्या संचालकाचं आणलं. एकानं महाराजांचं आणलं, त्यावर नुसता आशीर्वाद होता आणि खाली गटाचं अक्षर. एका पालकानं पोराला 'क' मागितला. त्याला पंचेचाळीस होते. बिरादार सर प्रत्येकाला चहा पाजत होते आणि लुंबिनी सही करत होती. आठव्या अर्जाला तिनं कागदावर तेवीस रेघा मारल्या. अकराव्याला ती उठून उभी राहिली.

"सर, आता बास. अकरा झाले."

"मग?"

"अकरा जण तळाला गेले, तर बारावा खऱ्यातलाच राहतो. खऱ्यातला सगळ्यात खालचा, पण खरा. त्याला चाळीसच्या वर काढीन मी. अजून एक गेला, तर माझा आकडा त्या खोट्यांतच अडकला. बारावा अर्ज घेऊ नका."

"न्हाई घेत," सर म्हणाले. "शब्द हाय माझा."

शब्द तीस ऑगस्टपर्यंत टिकला. एकतिसाव्या तारखेला बारावा अर्ज आला. पत्र मंडळाच्याच कागदावर होतं: 'पत्रवाहक माझे निकटचे नातलग असून त्यांच्या चिरंजीवास ड गटातून ख गटात घ्यावे.' खाली माणिकप्पा हुडगे यांची सही. मुलगा त्यांच्या बहिणीचा नातू.

लुंबिनीनं सही केली नाही. बिरादार सरांनी 'करिता' असं लिहून स्वतः केली.

मग तिनं वर्षभर जे केलं ते मात्र कुठल्याही रकान्यात बसत नाही. सकाळी साडेसातला जादा तास. अपूर्णांकांपासून पुन्हा. शिवांगीला 'बीजगणित' शब्दानंच पोटात दुखायचं. दिवाळीपर्यंत ती फळ्यापुढं उभी राहून दुसऱ्यांच्या चुका काढायला लागली. "मॅडम, ह्यानं कंसाला गंडवलंय," असं मोठ्यानं सांगायची. मार्चला तिला अठ्ठावन्न पडले. छत्तीसवरून अठ्ठावन्न. पण संगणकाच्या दृष्टीनं ती अठ्ठ्याऐंशीवरून अठ्ठावन्नवर आली होती. 'ग' गटातली बाकीची मंडळी खरीच शहाऐंशी-नव्वदची होती, आणि मार्चला त्याच्या आसपासच राहिली. शिवांगीचा पर्सेंटाइल आला एक. एकच्या खाली काही नसतं.

बाराही जणांचं तेच. कुणी एक, कुणी दोन, बरा म्हणावा तो सात. ओळीतला बारावा म्हणजे हा सातवाला. गणित शिक्षिका लुंबिनी सोनकांबळे, आकडा सात. नऊ शाळांत शेवटची. लातूरहून पत्र आलं, 'करार पुढे का चालू ठेवावा याचा खुलासा पाच मे रोजी समक्ष करावा.'

पाच मेला ती निघाली तेव्हा आई, पार्वतीबाई, दारात उभी होती.

"त्या पिशवीत काय हाय गं एवढं?"

"जूनचे पेपर. आणि पत्रं."

"पत्रं त्यांची, पेपर लेकरांचे. आन् नोकरी जाणार तुझी," आई म्हणाली. "लई शिकलीस बाई."

मुख्य कार्यालयात अप्पांच्या खोलीत कूलर होता. तो बोलणं ऐकू येणार नाही एवढाच आवाज करत होता. अप्पा, मंजुश्री, बिरादार सर आणि लुंबिनी. अप्पांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"अठ्ठ्याऐंशीची पोरगी अठ्ठावन्नवर. चौऱ्याण्णवचं पोरगं त्रेसष्टवर. मॅडम, नुसतं सुट्टीवर पाठवलं असतं तरी एवढी खाली आली नसती पोरं. ह्याला मेहनत लागती."

मंजुश्रीनं मान वर केली. "अप्पा, मलाही हे विचित्र वाटलं. बाकी अकरा जणांत सगळ्यात खालचा एक्केचाळीस आहे. मधलं काहीच नाही. एकाच वर्गात असं होत नाही."

लुंबिनीनं पिशवी उघडून उत्तरपत्रिका टेबलावर ठेवल्या. सगळ्यात वर शिवांगीची, लाल शाईत छत्तीस. "जूनचे खरे गुण हे आहेत. संगणकातले फेरतपासणीत वाढवले. अकरा सह्या माझ्याच आहेत, ते मी नाकारत नाही."

"वाढवले? कशापायी?"

"वरच्या गटात बसवायला."

अप्पांना हे पचायला वेळ लागला. मग ते असे संतापले की कूलर ऐकू येईना. "अरे, वरच्या गटात बसवून फायदा काय? उलट नुकसान! एवढी साधी अक्कल न्हाई लोकांना? कुणी सांगितलं हे करायला? नावं पाहिजेत मला!"

बिरादार सर छताचा पंखा निरखू लागले. तो बंद होता.

लुंबिनी एकेक पत्र पुढं ठेवू लागली, आणि अप्पा एकेकाचा समाचार घेऊ लागले. "हा झेडपीवाला? सहावी नापास. ह्याला पर्सेंटाइल कळतंय? हे गुरुपादप्पा? वजनात मारणारा माणूस, मार्कातबी तेच! महाराज? महाराजांनी तरी..." असं अकरा पत्रांपर्यंत चाललं. बारावं पत्र तिनं ठेवलं तसे ते बोलत बोलतच वाकले, आणि वाक्य अर्ध्यात राहिलं.

मग ते म्हणाले, "हे अक्षर मपलं दिसतंय."

त्यांनी पत्र पालथं करून ठेवलं.

"बहीण आली होती," अप्पा म्हणाले. "बहिणीला काय पर्सेंटाइल समजावून सांगू?"

त्यांनी मंजुश्रीकडं बघितलं. "हे बाराही आकडे खरे केले, तर मॅडमचा किती येतो?"

मंजुश्रीनं कळफलकावर बोटं चालवली. "सदुसष्ट. नऊ शाळांत दुसरा."

"आन् नुसता बारावा खरा केला तर?"

"मग अकरा तळाला, आणि बारावा येतो तो एक्केचाळीस."

"एक्केचाळीस!" अप्पा खुर्चीत मागं रेलले. मोठी अडचण दूर झाल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला. "चाळीसच्या वर. झालं की मग. टंकलेखनाची चूक म्हणून एक नोंद दुरुस्त करा. मॅडमचा करार चालू. कुणाचं काही न्हाई."

"आणि बाकीचे अकरा?" लुंबिनी म्हणाली.

"ते अकरा जण सन्मानानं आले होते शाळेत. मंडळाची निवडणूक हाय ऑक्टोबरात. आता त्यांना बोलावून सांगू का, तुमचं लेकरू परत खाली आणलं म्हणून?"

"त्या लेकरांनी वर्षभर मेहनत केलीय, अप्पा. संगणकात ती सगळ्यात मागं पडलीत."

"लेकरांना काय कळतंय त्यातलं? पालक खुश हायत. तुम्हीबी खुश व्हा." त्यांनी कराराचा कागद पुढं सरकवला. "का नको करार?"

मंजुश्री खाली बघत होती. पाण्यात पडलेला माणूस काठावरच्याकडं बघतो तसे बिरादार सर लुंबिनीकडं बघत होते. लुंबिनीनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं सही केली.

उठताना तिनं मंजुश्रीला एवढंच विचारलं, "ते सदुसष्टवालं जे केलंत, त्यात शिवांगी केंद्रे किती?"

"एक्क्याण्णव," मंजुश्री म्हणाली, आणि तो तक्ता न साठवताच बंद केला.

निकालपत्रं वाटल्यावर दयानंद केंद्रे शाळेत आले होते. 'प्रगती: १' म्हणजे काय, असं त्यांनी दरडावून विचारलं. बिरादार सरांनी आयुष्यात कधी पालकाला नाराज केलेलं नव्हतं. ते हसून म्हणाले, "एक म्हंजे एक, केंद्रेसाहेब. पहिला नंबर."

लुंबिनी अहमदपूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा समोरच फ्लेक्स लागला होता. वर पाच पुढारी, खाली शिवांगी, जरीच्या परकर-पोलक्यात, आणि मध्ये फुग्याएवढा आकडा: '१'. 'गणिताच्या प्रगतीत नऊ शाळांत प्रथम.' शेजारी आणखी दोन फ्लेक्स चढत होते. त्यांच्यावरही पहिलाच नंबर होता. ज्या पोराला दोन होते त्याच्या बापानं उपविजेता लिहून घेतलं होतं.

केंद्रे खाली उभं राहून दोरी बघत होते. "या मॅडम, या! तुमच्यामुळं झालं हे. फोटो काढू. शिवांगी, मॅडमला नमस्कार कर."

शिवांगी पुढं आली, पण नमस्कार केला नाही. हातात निकालपत्र होतं. त्याच्या पाठीमागं बारीक अक्षरांत पद्धतीची माहिती छापलेली होती. सबंध तालुक्यात ती तिनंच वाचलेली असावी.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "एक म्हंजे शंभरातून एक ना? म्हंजे नव्व्याण्णव माझ्या पुढं."

"हो."

"पर मला तर छत्तीस होते जूनला. मी माझा पेपर बघितलाय."

"हो."

"मग खरं किती?"

"एक्क्याण्णव."

पोरीनं तोंडातल्या तोंडात तो आकडा एकदा म्हणून बघितला. "कुठं लिवलंय ते?"

"कुठंच नाही."

"मग लिवून द्या."

लुंबिनीनं पिशवीतून जूनची उत्तरपत्रिका काढली. लाल छत्तीसच्या खाली तिनं लिहिलं: 'मार्च ५८. सारख्या सुरुवातीच्यांत ९१.' खाली सही केली. त्या वर्षातली पत्राशिवाय केलेली ही तिची एकमेव सही. शिवांगीनं कागदाची घडी घातली, आणि आणखी एक.

"काय गं ते?" केंद्रे फ्लेक्सची दोरी आवळत म्हणाले.

"काय न्हाई पप्पा," शिवांगी म्हणाली. "'थ' तुकडीचा कागद हाय."

"फाडून टाक मग," केंद्रे म्हणाले, "आन् इकडं ये, फोटो काढायचाय."

ती जाऊन फ्लेक्सखाली उभी राहिली. फोटोत तिची उजवी मूठ मिटलेली आहे.